ओळख चार ओळींची



गेल्या पावसाळ्यात पुतण्याने मला केळीवाल्यांच्या एका गटात घेतलं. गटात शेतकरी आहेत, तसे कृषी पदवीधरही आहेत. पुतण्या म्हणाला, "काका, आधी ओळख टाका." मी टाकली:

"नमस्कार. मी एक प्रगतशील शेतकरी आहे. शेतीची आवड लहानपणापासून आहे. सर्व तज्ज्ञांचे मार्गदर्शन लाभावे ही विनंती."

दिवसभरात दहा-बारा जणांनी हात जोडले, पण बोललं कोणीच नाही. राग आला होता, खोटं कशाला सांगू. रात्री तीच ओळख परत वाचली. मी कुठला, काय लावलंय, कधी लावलंय, यातलं काहीच तिच्यात नव्हतं. त्यावर समोरचा माणूस तरी काय बोलणार? म्हणून दुसऱ्या दिवशी नव्याने लिहिली:

"राम राम. मी यावल तालुका, जि. जळगाव. काळी जमीन, बोअरचं पाणी, ठिबक.
केळी ३ एकर, ग्रँड नैन, टिश्यूकल्चरची रोपं, लागण २८ जुलै, अंतर ६ बाय ५ फूट. पूर्वेच्या बांधापलीकडे शेजाऱ्याची काकडी.
वीस वर्षं कांदेबाग केली, पावसाळी लागण पहिल्यांदाच. काही झाडांची कोवळी पानं पिवळी दिसतात, अन्नद्रव्य कमी पडतंय का?
थंडीत बाग कशी सांभाळायची ते विचारा, जमेल तेवढं सांगेन."

अर्ध्या तासात धुळ्याकडच्या एका कृषी पदवीधर ताईंचा निरोप आला. "दादा, पिवळी झाडं काकडीच्या बाजूला जास्त आहेत का? पिवळेपणा सगळ्या पानावर सारखा आहे, की तुटक रेषा आहेत?"

मी लगेच वावरात गेलो. अन्नद्रव्याची कमतरता असली की बहुधा आख्खा पट्टा पिवळसर पडतो. इथे तसं नव्हतं. एक झाड पिवळं, त्याच्या शेजारची चार हिरवीगार. पानावर तुटक पिवळ्या रेषा, कडा वाकड्या, आणि दोन झाडांचा पोंगा सडायला लागलेला. अशी १७ झाडं निघाली, त्यातली १३ पूर्वेच्या बांधाकडची. फोटो टाकले. ताईंनी लिहिलं, "दादा, हा सीएमव्ही दिसतो." म्हणजे आपल्याकडे ज्याला हरण्या म्हणतात तो.

या विषाणूवर औषध नाही. काकडी, भोपळा, टोमॅटो, मिरची अशा पिकांवरून मावा तो केळीत आणतो. मावा थोडा वेळ टोचला तरी रोग लागतो, त्यामुळे नुसत्या फवारणीवर भागत नाही. आधी मावा फवारला, मग ती १७ झाडं कंदासकट उपटून बागेबाहेर खड्ड्यात पुरली. बांधावरचं तण काढलं. नंतर दर चार दिवसांनी ओळीओळीने फिरलो. पुढच्या फेऱ्यांत ९ निघाली, मग २. लागण लहान होती म्हणून नांग्या भरता आल्या. साडेचार हजारांच्या आसपास झाडांत २८ गेली. मी मात्र तोवर सूक्ष्म अन्नद्रव्याची बाटली आणून ठेवलेली होती. ती देत बसलो असतो तर रोगट झाडं महिनाभर तशीच उभी राहिली असती.

ताईंना संशय आला तो दोन गोष्टींवरून. एक लागणीची तारीख, दुसरी बांधापलीकडची काकडी. काकडीचं मी सहज लिहिलं होतं. म्हणून आता कोणी नवीन माणूस विचारतो, तेव्हा मी एवढंच सांगतो. पहिल्या ओळीत तालुका, जमीन अन् पाणी. दुसरीत पीक, वाण, लागणीची तारीख आणि शेजारचं पीक. "बाग दीड महिन्याची" असं लिहू नका. महिन्याने कोणी वाचलं तर त्याचा हिशोब चुकतो, तारीख असली की चुकत नाही. तिसरीत आपल्याला काय येतं, काय नवीन आहे आणि एकच प्रश्न. प्रश्नात डोळ्याला दिसतं ते आधी लिहा, आपला अंदाज मागून. मी अन्नद्रव्याचा अंदाज लिहिला, पण पानावरच्या रेषा लिहिल्याच नव्हत्या. चौथीत आपण दुसऱ्याला काय सांगू शकतो ते.

शिंदखेड्याकडचा कोरडवाहू कापूसवाला असेल तर पाण्याच्या जागी जमिनीची खोली लिहावी, आणि पेरणी पाऊस पडल्यावर केली की धूळपेरणी, तेही लिहावं. गट नंबर, आधार, बँकेचं काही टाकू नये, त्याचा पिकाशी संबंध नाही.

आणि फोटोशिवाय नुसत्या चार ओळींवरून कोणी औषधाचं नाव सांगितलं, तर ते आणायची घाई करू नका. ताईंनी आधी प्रश्न विचारले, मग फोटो पाहिले, नाव त्यानंतर सांगितलं.

थंडीबद्दल गटात आतापर्यंत सहा जणांनी मला विचारलं. तेवढी परतफेड झाली.