‘स्ट्राँगवाली’ गोळी

आमच्या मेडिकलच्या काउंटरवर नवा मुलगा आलाय. एकदम चुणचुणीत, पण फार्मासिस्ट मी आहे, तो नाही. स्ट्रिपवर लाल ‘आरएक्स’ दिसलं की डॉक्टरांची चिठ्ठी मागायची आणि मला दाखवायची, हा पहिल्या दिवसाचा धडा.

परवा ऑफिसची बॅग पाठीवर घेऊन एक जण आला. ‘‘दोन दिवस ताप आहे, अंग ठणकतंय. ती स्ट्राँगवाली गोळी दे ना!’’ चिठ्ठी नव्हती. पोरानं अ‍ॅसिक्लोफिनॅकच्या ड्रॉवरला हात घातलाच होता, मी अडवलं. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचाही असू शकतो. त्यात प्लेटलेट्स कमी होतात आणि असल्या पेनकिलरनं, आयब्रुफेन किंवा अ‍ॅस्पिरिननंही, रक्तस्रावाचा धोका वाढतो. द्यायची ती साधी पॅरासिटामॉल. तीसुद्धा ‘सर्दीची गोळी घेतलीय का?’ हे विचारूनच, कारण बऱ्याचदा तिच्यातही पॅरासिटामॉल असतं आणि डोस नकळत दुप्पट होतो.

गिऱ्हाईक जरा वैतागलं, पण साधी गोळी घेऊन गेलं.

‘‘आणि पोटात दुखतंय म्हणाला असता तर?’’ पोरानं विचारलं.

प्रश्न बरोब्बर होता. तापात पोट जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, यातलं काहीही ऐकलं की गोळी सुचवायची नाही. रक्त तपासायला त्याच दिवशी डॉक्टरांकडे पाठवायचं.