सुवर्णदुर्गाची भिंत फुटली नाही

हर्णैच्या बंदरातून सुवर्णदुर्ग दाखवताना आमच्याकडे एक शब्द हमखास येतो: अभेद्य. गंमत म्हणजे तो खोटा नाही. तरीही हा किल्ला एप्रिल १७५५ मध्ये दोनेक दिवसांत पडला. भिंत न फुटता किल्ला पडतो कसा, हे मला भिंतीपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटतं.

किल्ला तुळाजी आंग्र्यांचा होता. त्यांचं पेशव्यांशी फाटलं होतं, म्हणून नानासाहेबांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार केला. इंग्रजांकडून कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ हे चव्वेचाळीस तोफांचं जहाज आणि काही लहान गलबतं घेऊन आला. पहिल्या दिवशी त्याने पश्चिमेकडून मारा केला. उपयोग शून्य. रात्री किल्ल्यातून पळून आलेल्या एका माणसाने कारण सांगितलं: त्या बाजूचा तट म्हणजे बराचसा कातळच, अठरा फूट जाड.

मग जेम्सने जहाजं किल्ला आणि किनारा यांच्यामधल्या खाडीत आणली, तटापासून शंभर यार्डांच्या आत. इथे खरं काम उखळी तोफेने केलं. साधी तोफ भरीव गोळा सरळ भिंतीवर मारते. उखळी तोफ मात्र दारू भरलेला पोकळ गोळा, पेटती वात लावून, उंच उडवते. तो भिंतीशी भांडत बसत नाही, वरून आत पडतो आणि मग फुटतो. आत गवताने शाकारलेली घरं होती. एक पेटलं, आग दारूकोठारापर्यंत गेली आणि कोठार उडालं. बरेच लोक होड्यांतून समोरच्या गोवा किल्ल्यात पळाले. शेवटी इंग्रज खलाशांनी दरवाजा फोडला, तोही कुऱ्हाडींनी!

दगड एकदा रचला की पिढ्यान् पिढ्या पुरतो. तोफांचं जहाज मात्र रोज खातं: दारू, गोळे, दोरखंड, खलाशांचा पगार, दुरुस्तीची गोदी. दस्तकांच्या वसुलीवर चालणाऱ्या किनारपट्टीच्या सत्तेला ही स्पर्धा झेपणारी नव्हती. दूरदूरच्या व्यापाराचा पैसा एका ठिकाणी ओतता येणाऱ्यालाच ती परवडायची. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तिथेही एका गोळ्याने एक जहाज पेटलं आणि आग आंग्र्यांच्या सगळ्या आरमारात पसरली. तुळाजी पेशव्यांच्या कैदेतच मेले.

सुवर्णदुर्ग ठरल्याप्रमाणे पेशव्यांना मिळाला. नकाशावर पेशव्यांचं राज्य वाढलं. पण कोकणच्या समुद्रावर कंपनीला अडवू शकणारं आरमार त्यांनीच जाळायला मदत केली होती, आणि हा सौदा मला अजून पचत नाही.

डोंगरी किल्ले आणखी टिकले, कारण तोफा तिथवर चढवणं हेच मोठं काम होतं. मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरने तेही केलं. रायगडावर गोळे पडले, वाडा जळला आणि १० मे रोजी गड कंपनीकडे गेला.

सुवर्णदुर्गाचा तट अजून उभा आहे. भरतीच्या वेळी होडीवाला तुम्हाला त्याच्या अगदी जवळून नेतो.