वारं कुठून येतं

अण्णांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि ऐन जुलैत परभणीजवळची 3 एकर सोयाबीन माझ्याकडे आली. पानांवर अळी दिसत होती, फवारणी करायची होती. मी पुण्यात हिशेब लिहिणारा माणूस, शेतीतलं काहीच येत नव्हतं. मंगळवारी मोबाईलवर कृषी हवामान सल्ला पत्रिका आली. ती दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते, हेही मला तेव्हाच कळलं.

त्यात पुढच्या 5 दिवसांचा तक्ता होता. पाऊस मिलिमीटरमध्ये : बुधवारी 3, गुरुवारी 14, शुक्रवार-शनिवार शून्य, रविवारी 20. चौदा मिलिमीटर म्हणजे दीड सेंटिमीटरसुद्धा नाही, शिवाय शेजारी ‘हलका पाऊस’ लिहिलेलं. मी गुरुवार ठरवला. अण्णा म्हणाले, “एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एकरात चार हजार चौरस मीटर. कर गुणाकार.” एकरी 56 हजार लिटर! हवामान खात्याच्या भाषेत साडेपंधरा मिलिमीटरपर्यंतचा पाऊस हलकाच, पण पानावरचं औषध धुवायला तो पुष्कळ होता.

‘तुरळक ठिकाणी’ हे शब्दही मी चुकीचे वाचले. मला वाटलं, पाऊस तुरळक, म्हणजे थोडा. पण ते शब्द पाऊस किती ठिकाणी पडेल ते सांगतात : पावसाची नोंद घेणाऱ्या केंद्रांपैकी जास्तीत जास्त पाव केंद्रांवर. आपलं शेत त्या पावात आहे की नाही, हे तक्ता सांगत नाही.

सोयाबीनच्या सल्ल्यात होतं, ‘पावसाची उघडीप पाहून, वारा शांत असताना फवारणी करावी.’ शुक्रवारी वाऱ्याचा वेग ताशी 22 किलोमीटर होता, शनिवारी 8. तेव्हा शनिवार. दिशा 270 अंश. उत्तरेपासून उजवीकडे मोजत गेलं की 270 म्हणजे पश्चिम, एवढं मला जमलं. वारं पश्चिमेला जाणार, तिकडे पडीक रान, म्हणजे काळजी नाही.

“अरे, वारं कुठून येतं ते लिहितात, कुठं जातं ते नाही!” अण्णा खाटेवर उठून बसले. पूर्वेच्या बांधाला शेजारच्या काकांची तुती आहे. फवारा उडून त्या पाल्यावर बसला असता, तर तो पाला खाऊन त्यांचे रेशीमकिडे मेले असते. माझ्या हाताला घाम फुटला.

शुक्रवारी संध्याकाळी काकांना जाऊन सांगितलं. त्यांनी बांधाकडचा दोन दिवसांचा पाला आधीच कापून घेतला. शनिवारी सकाळी बांधावर मूठभर माती सोडून पाहिली, धूळ खरंच तुतीकडे सरकली. त्या बाजूच्या दहा ओळी सोडून बाकीचं रान फवारलं. दहा ओळींवरच्या अळ्या हातानं वेचल्या, त्यालाच दुपार झाली.

रविवारी अंगणात सरळ कडांचा डबा ठेवला. सोमवारी सकाळी साडेआठला त्यात पट्टी बुडवली : 11 मिलिमीटर.