बागेचं नाव ठरवताना माझं काय चुकलं

भोर शहराला लागून, पण ग्रामपंचायतीच्या हद्दीत आमची प्लॉटिंगची वसाहत आहे. रेखांकनात सोडलेल्या मोकळ्या जागेत आम्ही वर्गणी काढून बाग केली. मधोमध पाण्याचा हौद, कडेला कडुनिंब आणि बकुळ. प्लॉटधारकांच्या समितीचं काम तेव्हा माझ्याकडे होतं, त्यामुळे बागेला आणि चार गल्ल्यांना नावं देण्याची जबाबदारीही माझ्यावर आली. बाग उभी राहीपर्यंत एकमेकांना हाका मारणारी माणसं या नावापायी वर्षभर बोलेनाशी झाली. त्याला माझे निर्णय कारणीभूत होते. अशीच वेळ इतर वसाहतींवर येते, म्हणून सगळं लिहून ठेवतो आहे.

पहिली चूक म्हणजे मी बैठकीत थेट "नाव सुचवा" असं म्हणालो. एका कुटुंबाने कुंपणाचा बराच खर्च उचलला होता. त्यांनी आपल्या दिवंगत वडिलांचं नाव सुचवलं. मग मावळातल्या दोन वीरांची नावं पुढे आली. ती कोणाची होती हे मी मुद्दामच लिहीत नाही. आमच्या भागात इतिहास पुस्तकापुरता नसतो. कारीचे कान्होजी जेधे असोत की भुतोंड्याचे येसाजी कंक, त्या घराण्यांची माणसं आजही इथल्या गावांत नांदतात, सोयरिकी करतात, शेजारी राहतात. अशा ठिकाणी वीराचं नाव पुढे आलं की ते कुणाच्या तरी घरातलं नाव असतं. त्याला "नको" म्हणणारा बागेच्या पाटीबद्दल बोलत असतो, पण ऐकणाऱ्याला आपल्या पूर्वजाचा अपमान ऐकू येतो.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. तीन नावं झाल्यावर मी हात वर करून मतं घेतली आणि आकडे मोठ्याने वाचून दाखवले. लोकशाही पद्धत पाळली, असं मला वाटलं. पण एका वीराच्या नावाला अगदी थोडी मतं पडली, आणि तो आकडा भर सभेत जाहीर झाला. एक वयस्क गृहस्थ काही न बोलता उठून गेले. आदराच्या नावाला मतदानात हरवण्याची वेळ कुणावर आणू नये, हे मला तेव्हा समजलं. गुप्त मतदान घेतलं असतं तरी निकाल हाच लागला असता आणि मन तितकंच दुखावलं असतं.

तिसरी चूक कागदांची. जास्त मतं पडलेल्या नावाची पाटी मी लगेच रंगवून लावली. ग्रामपंचायतीने विचारलं, ठराव कुठे आहे? तेव्हा शोध घेतला. मोकळी जागा अजून ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झालेली नव्हती, म्हणजे ती सगळ्या प्लॉटधारकांच्या सामाईक हक्काची होती. माझ्या बैठकीला मात्र निम्मेही प्लॉटधारक नव्हते. पुण्यात नोकरी करणारे शनिवार-रविवारीच येतात आणि बैठक होती बुधवारी. गल्ल्यांचे रस्ते ग्रामपंचायतीच्या ताब्यात होते, तिथे तर समितीला नाव देण्याचा अधिकारच नव्हता. पाटी काढावी लागली. ज्यांचं नाव उतरलं त्यांना तो दुसरा अपमान वाटला.

शेजारच्या वेल्हे तालुक्याचं नाव बदलण्याचं काम त्याच काळात चाललं होतं. तिथला क्रम पाहून मी बरंच शिकलो. राजगड हे नाव तर सर्वांच्या आदराचं, तरी आधी गावांना विचारलं गेलं. सत्तरपैकी 58 ग्रामपंचायतींनी अनुकूल ठराव केले, नोव्हेंबर 2021 मध्ये जिल्हा परिषदेच्या सभेत ठराव झाला, मार्च 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली आणि केंद्राची संमती मिळून 2025 मध्ये तालुका अधिकृतपणे राजगड झाला. पाटी सगळ्यात शेवटी बदलली. मी नेमकं उलटं केलं होतं.

पुढच्या वेळी आम्ही नाव बाजूला ठेवलं आणि आधी नियम ठरवले. एकही नाव चर्चेत नसताना नियमांवर भांडण होत नाही, कारण कुणाचंच काही पणाला लागलेलं नसतं. पहिला प्रश्न होता, व्यक्तीचं नाव द्यायचं की नाही? एका संध्याकाळी सगळ्यांनी ठरवलं की नको. हयात माणसाचं नको, देणगीदाराचं नको, आडनावावरून किंवा जातीवरून ओळखू येईल असं तर नकोच. जातीवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा शासनाचा डिसेंबर 2020 चा निर्णय आहेच, तेव्हा नव्या नावात ती खूण येऊ देण्यात अर्थ नव्हता. देणगीदारांच्या नावाची छोटी फरशी बाकाखाली बसवावी, बागेच्या फाटकावर नको, असंही ठरलं. वडिलांचं नाव सुचवणारं कुटुंब याला राजी झालं, कारण नियम सर्वांना सारखा होता.

मग नावं आपोआप सापडली. गल्ल्यांना भोर आणि वेल्ह्यातल्या नद्यांची नावं दिली: नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी. कुठली गल्ली कुठल्या नदीची, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलं, म्हणजे मोठी नदी कुणाच्या वाट्याला आली यावरही वाद उरला नाही. बागेला मात्र आम्ही नाव शोधलंच नाही. मुलं आणि बायका तिला आधीपासून "हौदाची बाग" म्हणत होत्या, तेच ठेवलं. लोकांच्या तोंडात बसलेलं नाव किती टिकतं याचे दाखले इथेच आहेत. शिवाजी महाराजांनी तोरण्याचं नाव प्रचंडगड ठेवलं, तरी वाट विचारणारा तोरणाच विचारतो. भाटघरच्या धरणाला इंग्रजांनी गव्हर्नर लॉइड यांचं नाव दिलं, पण लोकांनी ते भाटघरच ठेवलं.

नावं ठरल्यावर प्रत्येक घरी, भाडेकरूंच्या घरीसुद्धा, छापील पत्रक दिलं आणि हरकतीसाठी पंधरा दिवस ठेवले. हरकत लेखी आणि कारणासह मागितली. बागेसाठी प्लॉटधारकांच्या सह्यांचा ठराव केला, तर गल्ल्यांचा विषय ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेतला. ग्रामसभेला गणपूर्ती लागते, मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यातली कमी असेल ती. म्हणून लोकांना येण्यासाठी आधीच सांगून ठेवलं. ठरावाची नक्कल हाती आल्यावरच रंगाऱ्याला बोलावलं. घरांचे क्रमांक बदलले नाहीत, त्यामुळे नमुना आठच्या नोंदी, वीजबिलं आणि आधारचे पत्ते कुणाला बदलावे लागले नाहीत.

हा मार्ग सगळीकडे चालेल असं नाही. वसाहतीतला जवान धारातीर्थी पडला असेल, तर त्याचं नाव देण्याची भावना रास्त आहे, आणि नदीचं नाव तिची जागा घेऊ शकत नाही. पण तिथेही आधी नियम करावा: अशा नावाला कोणती कारणं पुरेशी आणि त्या कुटुंबाची लेखी संमती कशी घ्यायची. नियम आधी झाला की नाव मागून शांतपणे येतं.

आपल्या वसाहतीत असा विषय निघाला, तर पहिल्या बैठकीत एकही नाव उच्चारू देऊ नका. जागा कोणाच्या मालकीची आणि नियम काय, एवढ्या दोनच गोष्टी त्या दिवशी ठरवा.