उचल आणि आठवण

परवा चुलतभावाचा फोन आला. "दादा, लई दिवस झाले, तुझी लई याद यायली." लेकरं कशी आहेत, वहिनीचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे, सगळं विचारून झालं. मी मनातल्या मनात मोजत होतो. चौथ्या मिनिटाला आलंच, "रविवारी गाडी मोकळी हाय का? सासऱ्याला अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवायचं होतं."

गाडी मी दिली. पण फोन ठेवल्यावर त्या पहिल्या चार मिनिटांचं काय करायचं, ते कळेना.

शिरूर कासार तालुक्यातल्या आमच्या गावात मागणं इतकं नटून येत नसे. आमच्याकडे एकच बैल होता आणि शेजारच्या तात्यांकडेही एकच. पेरणीला दोघांची सावड असायची, एक दिवस त्यांचं रान, एक दिवस आमचं. तात्या दिवस उजाडायच्या आत दारात यायचे आणि एवढंच म्हणायचे, "बैल सोड." माझी चौकशी नाही, आईची नाही. परतफेड उद्याच व्हायची असल्यानं मायेची प्रस्तावना लागत नव्हती. तेच तात्या संध्याकाळी ओट्यावर टेकायचे, तंबाखू मळायचे, माझ्या पाठीवर थाप मारायचे आणि काहीही न मागता उठून जायचे. माया आणि काम यांच्या वेळाच वेगळ्या होत्या.

दोन्ही एकत्र आणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो मुकादम. पोळा झाला की तो यायचा. "आण्णा, पोरगं केवढं झालं!" म्हणत माझ्या हातावर दहाची नोट ठेवायचा. वडिलांना उचल मिळायची आणि दसरा झाला की आईवडिलांचा कोयता साखर कारखान्याच्या वाटेला लागायचा. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी; हिशेबात दोघं मिळून एकच. फडात पहाटे चार वाजता त्याच मुकादमाचा आवाज वेगळाच असायचा. म्हणून "सगळं जुनं ते निर्मळ" असं मी म्हणणार नाही.

पण त्या वयात माझ्या लक्षात न आलेली एक गोष्ट आता चुलतभावाकडे पाहून कळते. तो अजून कोयत्यावर जातो. ज्या दिवशी त्याच्या हातात उचल पडते, त्या आठवड्यात त्याच्याकडे पाहुण्यांची रीघ लागते. मेहुण्याला मोटारसायकलच्या हप्त्याला पाच हजार, मावसभावाला बियाण्याच्या उधारीला दहा. येणारा प्रत्येक जण आधी लेकरांना मांडीवर घेतो.

त्या दहा हजारांची खरी किंमत फडात मोजावी लागते. 2024च्या जानेवारीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढला, तरी तो टनाला साडेतीनशेच्या थोडा पुढे गेला इतकंच. जोडी दिवसभर राबली तर साधारण दोन टन ऊस तोडते, म्हणजे दोघांचे मिळून सातशेच्या आसपास. दहा हजार म्हणजे नवराबायकोचं चौदा दिवस वाकणं. लाखाची उचल फेडायला जवळजवळ सगळा हंगाम जातो. पाऊस लवकर उघडला नाही, बायको आजारी पडली किंवा कारखाना लवकर बंद झाला, की बाकी राहते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जावं लागतं.

मावसभाव ते चौदा दिवस परत करत नाही. मग दसऱ्याच्या तोंडावर भावाचा हात रिकामा होतो आणि त्याला माझी याद येते. त्याच्यावर पाच जणांनी माया केली, म्हणून तो माझ्यावर करतो. पगार माझा, उतार माझ्याकडे, पाणी इथंच येणार. तो लबाड आहे असं मला कधीच वाटलं नाही. तात्यांकडे परत द्यायला बैल होता. याच्याकडे परत द्यायला काही नाही, म्हणून तो आगाऊ माया देतो. एकदा मी पैसे नाहीत म्हणालो, तर सहा महिने फोन नाही. रागावला असेल असं मी धरून चाललो होतो. बहुतेक लाजला होता, कारण नंतर बोलला तेव्हा माझ्याशी नाही, आधी माझ्या बायकोशी बोलला.

गेल्या अक्षय्य तृतीयेला, हंगाम उरकल्यावर, तो अचानक घरी आला. पिशवीत गुऱ्हाळावरची गुळाची ढेप होती. बसला, फडातल्या गमती सांगितल्या, आमच्या जुन्या बैलाची आठवण काढली. अर्धा तास झाला. माझं लक्ष गमतींत नव्हतं. शेवटी मीच विचारलं, "काम काय काढलंस?"

"काम?" तो म्हणाला. "काय काम नव्हतं."

बायकोनं दुसरा चहा ठेवला होता. तो उकळायच्या आत भाऊ चपला घालून जिना उतरला.