बारा माणसे आणि चौदा दिवस

दुधाचा हिशेब हा आपल्या घरांतला एक फार जुना आणि फार नाजूक विषय आहे. भिंतीवरच्या कॅलेंडरवर खाड्याच्या तारखेला गोल करायचा, जादा दूध घेतले तर कोपऱ्यात बारीक अक्षरात ‘अर्धा जा.’ असे लिहायचे आणि महिना संपला की त्या गोलांवरून आणि कोपऱ्यांवरून दूधवाल्याशी प्रेमळ वाद घालायचा, ही पद्धत मी माझ्या आईकडून घेतली. तिने ती तिच्या सासूकडून घेतली होती. २०२५ च्या उन्हाळ्यात मी या कॅलेंडराला मोबाइलमध्ये बसवले. ‘रतीब’ नावाचे एक छोटेसे अ‍ॅप लिहिले. एक तारीख दाबली की खाडा पडतो, आणि महिनाअखेर ‘हिशेब’ या बटणावर बोट ठेवले की किती लिटर झाले आणि किती रुपये द्यायचे ते समोर येते. एवढेच त्याचे कर्तृत्व.

आता अ‍ॅप लिहून झाले की ते गूगलच्या प्ले स्टोअरमध्ये नेऊन ठेवावे आणि जगाने ते उतरवून घ्यावे, असे कोणालाही वाटेल. पण तिथल्या दारावर एक राखणदार उभा आहे. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर ज्याने स्वतःच्या नावाने खाते उघडले असेल, त्याला राखणदार म्हणतो, ‘आधी तुझी माणसे आण.’ प्रथम ही माणसे वीस लागत. डिसेंबर २०२४ मध्ये ती बारावर आली. या बारा जणांनी चाचणीत आपणहून नाव नोंदवायचे आणि सलग चौदा दिवस नोंदलेले राहायचे. तेव्हा कुठे सर्वांसाठी दार उघडण्याचा अर्ज करता येतो. संस्थेच्या नावाने काढलेल्या खात्याला ही अट नाही. व्यक्तीला आहे.

या चाचणीला तिथे ‘Closed testing’ म्हणतात, म्हणजे बंद दाराआडची चाचणी. तिच्या शेजारीच ‘Internal testing’ नावाची आणखी एक खोली आहे. तिथे शंभर माणसांपर्यंत बसवता येतात आणि अ‍ॅप लगेच हातात पडते, पण तिथे काढलेले दिवस या चौदांत धरले जात नाहीत. म्हणून मी त्या खोलीत दोन दिवस फक्त यजमानांना आणि मुलीला बसवले आणि मग मोठ्या खोलीचे दार ठोठावले. तिथे आत शिरण्यापूर्वी बरीच कागदपत्रे भरावी लागतात. अ‍ॅप कोणती माहिती गोळा करते, ते कोणत्या वयाच्या माणसांसाठी आहे, गोपनीयतेचे निवेदन कुठे ठेवले आहे, हे सगळे. त्यानंतर पहिली प्रत तपासली जाते आणि त्याला काही दिवस जातात. ते आधीच हिशेबात धरलेले बरे.

मला मात्र ते दिवस वेगळ्याच कारणासाठी मोजायचे होते. दुधाच्या अ‍ॅपची खरी परीक्षा एक तारखेला होते. महिन्याच्या पाच तारखेला चाचणी सुरू करून एकोणीस तारखेला संपवली, तर माणसे चौदा दिवस खाडे मांडतील आणि ‘हिशेब’ या बटणाकडे कोणी ढुंकूनही पाहणार नाही. म्हणून मी जूनच्या पहिल्या आठवड्यातच प्रत तपासायला पाठवून दिली आणि माणसांची नोंदणी २४ जूनला ठेवली. चौदा दिवस ८ जुलैला भरणार, मध्ये एक तारीख येणार, आणि शिवाय ६ जुलैला आषाढी एकादशी. त्या दिवशी दूध जादा लागत नाही असे घर मला दाखवा!

राहिला प्रश्न माणसांचा. बारा माणसे म्हणजे काय मोठेसे, असे आपल्याला वाटते. लग्नाच्या पंगतीत आपण तीनशे उठवतो. माझ्या मुलीचा एक मित्र तर म्हणाला, ‘काकू, कशाला त्रास घेता? पैसे टाकले की बारा माणसे मिळतात. नाहीतर अदलाबदल करा. तुम्ही त्यांचे अ‍ॅप उतरवा, ते तुमचे उतरवतील.’ अशी सोय आहे खरी. पण ही माणसे अ‍ॅप उतरवतात, एकदा उघडतात आणि विसरतात. त्यांच्या घरी माझा दूधवाला येत नाही. मस्कतला असलेला माझा चुलतभाऊ मोठ्या आपुलकीने नाव द्यायला तयार झाला होता. त्यालाही मी नको म्हटले. त्याच्याकडे दूध दुकानातून येते, तो खाडा कशाचा मांडणार?

शेवटी जमली ती सगळी रतिबाचीच माणसे. आमच्या भिशीतल्या नऊजणी, वहिनी, सिंधूमावशी, खालच्या मजल्यावरचे जोशी काका आणि, थोडे आढेवेढे घेऊन, आमचे दूधवाले शिवाअण्णा. मुलीला धरून चौदा. बाराच लागतात, पण बाराच घेऊ नयेत. एखादा मध्येच बाहेर पडला तर त्याच्या जागी आणलेल्या नव्या माणसाचे चौदा दिवस त्याच्या पहिल्या दिवसापासून मोजले जातात, आणि आपण तितके मागे पडतो.

यादीत नाव घातले म्हणजे माणूस नोंदला गेला असे नाही, हे भिशीच्या दिवशी चांगलेच कळले. मी प्रत्येकीचा ईमेल पत्ता यादीत घालायचा, तिला दुवा पाठवायचा, तिने तो उघडून ‘Become a tester’ या बटणावर बोट ठेवायचे, आणि मग प्ले स्टोअरमधून अ‍ॅप उतरवायचे. यातले मधले बोट फार महत्त्वाचे. चहा होईपर्यंत माझ्या यादीत चौदा नावे होती आणि नोंदलेले फक्त नऊ! सिंधूमावशीच्या फोनवर पान उघडे आणि अ‍ॅप या खात्याला उपलब्ध नाही असे सांगून गप्प बसे. मावशी म्हणाल्या, ‘अगं, मला नको असेल म्हणतंय ते.’ फोन पाहिला तर त्यात दोन खाती, एक मावशींचे आणि एक नातवाचे. दुवा नातवाच्या खात्याने उघडत होता आणि यादीत नाव मावशींचे. खाते बदलताच पान सुतासारखे सरळ झाले. उरलेल्या चौघांपैकी तिघांचे दुखणे हेच निघाले. शिवाअण्णांनी बटण दाबायचेच ठेवले होते. संध्याकाळपर्यंत आकडा चौदावर गेला.

पहिला आठवडा शांततेत गेला. प्रत चढवल्यावर गूगलची यंत्रे स्वतः अ‍ॅप चालवून पाहतात आणि अहवाल देतात. त्या अहवालात काही नव्हते. मग उजाडली १ जुलै. सकाळी साडेसहाला शिवाअण्णा दारात. ‘वहिनी, तुमचं ते बटण दाबलं की सगळं मिटतंय.’ आठ वाजता मावशींचा फोन. ‘हिशेब म्हटलं की बंद पडतं गं.’ बाकी बाराजणांचा हिशेब पैशापर्यंत बरोबर.

अशा वेळी दोन आजारी माणसांत काय सारखे आहे आणि निरोगी माणसांत काय नाही, ते शोधायचे. फोनची कंपनी? दोघांची वेगळी. फोन जुना? अण्णांचा जुना, मावशींचा नवा. उलट वहिनींचा फोन मावशींच्या फोनचा जुळा भाऊ, आणि तो ठणठणीत! दोन्ही फोन मांडीवर घेऊन बसले तेव्हा दिसले की वहिनींच्या फोनवर ‘Settings’ लिहिलेले आहे आणि मावशींच्या फोनवर ‘सेटिंग्ज’. चौदांपैकी ज्या दोन फोनांची भाषा मराठी, तेच दोन फोन आजारी. मी माझ्या फोनची भाषा बदलून मराठी केली, दीड लिटर लिहिले, बटण दाबले, आणि अ‍ॅप मिटले.

कारण मोठे गमतीचे होते. दुधाचे माप साठवताना प्रोग्रॅम त्या आकड्याचे अक्षरांत रूपांतर करी. हे करताना कोणती लिपी वापरायची ते सांगितले नाही, तर अँड्रॉइड फोनच्या भाषेचे अंक घेते. इंग्रजी फोनवर 1.5 साठे, मराठी फोनवर ‘१.५’. हिशेबाच्या वेळी तोच मजकूर पुन्हा संख्या म्हणून वाचायला गेले की दशांश वाचणारी आज्ञा देवनागरी अंक नाकारते आणि अ‍ॅप कोसळते. त्यातही गंमत अशी की पूर्णांक वाचणारी आज्ञा देवनागरी अंक बिनतक्रार घेते. म्हणून खाड्यांची संख्या आठवडाभर नीट चालत होती आणि कोणाला शंकाही आली नाही. उपाय एका शब्दाचा:

```
String.format(Locale.ROOT, "%.1f", litre)
```

`Locale.ROOT` म्हणजे फोनची भाषा काहीही असो, साठवताना अंक इंग्रजीच ठेव. दाखवताना खुशाल मराठी दाखव. पण एवढ्याने भागत नव्हते. अण्णांच्या आणि मावशींच्या फोनमध्ये आठवडाभराचे ‘१.५’ आधीच साठून बसलेले होते. त्यांना हात न लावता नवी प्रत दिली असती, तर ती नव्या नोंदी नीट ठेवून जुन्यांवर ठेचाळली असती. म्हणून वाचताना देवनागरी अंक भेटला तर आधी तो बदलून घे, अशीही सोय घातली. नवीन प्रतीचा क्रमांक आधीच्यापेक्षा मोठा लागतो, तो वाढवला आणि प्रत चढवली. मध्ये नवीन प्रत दिल्याने चौदा दिवसांची मोजणी पुन्हा सुरू होत नाही. दुसऱ्या दिवशी मावशींचा फोन आला. ‘अठराशे नव्वद रुपये म्हणतंय. बरोबर आहे.’

एकादशीने आणखी एक गोष्ट उघड केली. तारखेवर बोट दाबून धरले की त्या दिवसाचे माप बदलता येई. अर्धा लिटर जादा, पाव कमी, काय हवे ते. साबुदाण्याच्या खिरीसाठी जवळजवळ सगळ्यांनी जादा दूध घेतले, पण बोट दाबून धरण्याची युक्ती सापडली एकट्या जोशी काकांना, आणि तीही फोन हातात धरून डुलकी लागल्यामुळे. बाकीच्यांनी निमूटपणे भिंतीवरच्या कॅलेंडरवर ‘अर्धा जा.’ लिहिले! ७ तारखेला मी तारखेखाली ‘जादा’ आणि ‘कमी’ अशी दोन ठसठशीत बटणे घातली.

चाचणी करणाऱ्यांना प्ले स्टोअरमधून खासगी अभिप्राय लिहिता येतो. तो फक्त करणाऱ्यालाच दिसतो. आमच्यापैकी मुलीने तो लिहिला. बाकी सर्वांनी जिन्यात, फोनवर आणि भाजीच्या गाडीपाशी सांगितला. म्हणून मी एका वहीत तारीख, माणूस, फोन आणि तक्रार असे लिहून ठेवत गेले. ८ जुलैला ‘Apply for production’ चे बटण जागे झाले, तेव्हा ही वहीच कामाला आली. कारण त्या अर्जात नुसती संख्या विचारत नाहीत. माणसे कशी मिळवली, त्यांनी अ‍ॅप खऱ्या वापरासारखे वापरले का, ती काय म्हणाली, त्यावरून तुम्ही काय बदलले, आणि अ‍ॅप आता तयार आहे असे कशावरून ठरवले, असे प्रश्न असतात. विकत घेतलेल्या बाराजणांच्या बाबतीत या रकान्यांत काय लिहावे, मला खरोखर सुचले नसते. माझ्याकडे मराठी अंक होते, ‘जादा’चे बटण होते आणि १ जुलैची सकाळ होती. उत्तर बहुधा सात दिवसांच्या आत येते. आमचे पाचव्या दिवशी आले, होकाराचे.

त्यानंतर मी चौदाही जणांना कळवले की काम झाले, आता हवे तर चाचणीतून बाहेर पडा. तेराजण पडले. शिवाअण्णांनी मान हलवली. ‘मी आतच बरा. पुढची प्रत आली की आधी माझ्या फोनवर येऊ दे,’ ते म्हणाले आणि चरवी उचलून वरच्या मजल्यावर गेले.