व्यायामाच्या कोपऱ्यासाठी लिहिलेला अर्ज

तालुक्याच्या गावातल्या एका माध्यमिक शाळेत मी शारीरिक शिक्षण शिकवते. नववी-दहावीची मुलं जवळच्या जिममध्ये जायला लागली होती. मोबाइलवर पाहून वजनं उचलायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात 'तू किती मारतोस' यावर पैजा लावायच्या, असं चाललं होतं. मुलींना तेवढीही सोय नव्हती. शाळेतच ताकदीच्या व्यायामाचा एक छोटा कोपरा करावा, असं मी मुख्याध्यापक सरांना सुचवलं. ते लगेच म्हणाले, "मॅडम, मुलांची उंची खुंटली तर पालकांना उत्तर कोण देणार? आणि कुणाच्या पायावर वजन पडलं तर? जे काही आहे ते लेखी द्या."

त्यांचे हे दोन प्रश्न मला रास्त वाटले, म्हणून सगळा अर्ज मी त्यांच्याभोवतीच लिहिला. 'विषय : विद्यार्थ्यांसाठी देखरेखीखालील शक्तिव्यायाम कोपरा सुरू करण्यास परवानगी मिळणेबाबत' असं वर लिहिलं आणि साहित्याची यादी मुद्दाम शेवटच्या पानावर ठेवली.

पहिला प्रश्न उंचीचा. वाढत्या मुलांच्या हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो आणि हाड तिथूनच लांब होतं. त्या थराला जबर इजा झाली तर वाढीवर परिणाम होऊ शकतो, ही भीती खरी आहे. पण अशा इजा प्रामुख्याने दिसतात त्या देखरेखीशिवाय, चुकीच्या पद्धतीनं, झेपणार नाही इतकं वजन उचलताना. जाणकार माणूस समोर असताना केलेल्या बेताच्या व्यायामानं उंची खुंटते, असा पुरावा नाही. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीनं 2020 साली याच विषयावर सविस्तर अहवाल काढला; त्याचाही निष्कर्ष हाच आहे. जागतिक आरोग्य संघटना तर 5 ते 17 वयाच्या मुलांनी आठवड्यातून किमान 3 दिवस स्नायू बळकट करणाऱ्या हालचाली कराव्यात, असं सांगते. सरांना पटावं म्हणून मी आमच्याच मैदानाचं उदाहरण दिलं. लांब उडीत खाली येताना मुलाच्या पायांवर त्याच्या वजनाच्या काही पट भार येतो, आणि ती उडी आपण वर्षानुवर्षं घेत आलो आहोत. तीन किलोची पिशवी छातीशी धरून मारलेली बैठक त्यापुढे सौम्यच आहे.

दुसरा प्रश्न अपघाताचा, आणि मला स्वतःला तो जास्त महत्त्वाचा वाटत होता. लहान मुलांना वजनांमुळे होणाऱ्या इजांत हातापायावर वजन पडणं आणि बोटं चेमटणं हे प्रकार नेहमीचे. म्हणून लोखंडी बार, तबकड्या आणि यंत्रं यांतलं काहीच मागितलं नाही. मागितल्या त्या जाड कापडाच्या वाळूच्या पिशव्या, दोन मजबूत बाकं, रबरी चटया, काही काठ्या आणि कुलूप लागणारं कपाट. वाळूची पिशवी पडली तरी जागच्या जागी बसते, घरंगळत जात नाही. तिचा दुसरा फायदा म्हणजे आत अर्ध्या-अर्ध्या किलोच्या पुड्या घालून वजन हळूहळू वाढवता येतं. दोन किलोच्या डंबेलनंतर तीन किलोचं उचलायला दिलं, तर मुलाचा भार एकदम दीडपट होतो. पिशवीत तोच टप्पा दोन पायऱ्यांत चढता येतो.

त्यानंतर कार्यक्रम लिहिला. मंगळवार आणि शुक्रवार, शाळा सुटल्यावर अर्धा तास, एका वेळी आठच मुलं. मधले दिवस मोकळे ठेवले, कारण स्नायूंना सावरायला वेळ लागतो. सुरुवातीला अंग गरम करणं, मग पाचच हालचाली : बैठक, कमरेतून वाकणं, जोर, पिशवी ओढून पोटाशी आणणं आणि पिशवी हातात धरून सरळ चालणं. प्रत्येकीचे दोन संच, आठ ते बारा आवर्तनांचे. 'एकदाच जास्तीत जास्त किती' ही स्पर्धा कायमची बंद.

खरी अडचण येते ती कमरेतून वाकताना, म्हणून त्याची चाचणी अर्जात सविस्तर दिली. मुलानं काठी पाठीवर उभी धरायची. ती डोक्याच्या मागे, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. मग गुडघे किंचित सैल सोडून ढुंगण मागे न्यायचं. वाकताना काठी एका जागी जरी सुटली तरी पाठ गोल झाली, असं समजायचं. जोवर आठही वेळा काठी तिन्ही जागी टिकत नाही, तोवर पिशवीला हात लावायचा नाही. ही चाचणी मुलं एकमेकांचीही पाहू शकतात.

वजन कधी वाढवायचं, हे समजावं म्हणून नववीतल्या कबड्डी खेळणाऱ्या एका मुलीचा तक्ता कल्पून लिहिला. ती सुरुवातीला बाकावर बसून उठेल, हात मोकळे, आठ वेळा. टाचा जमिनीला टेकलेल्या आणि गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत असले, तरच ते आवर्तन धरायचं. पुढे आवर्तनं बारापर्यंत न्यायची. सलग दोन वेळच्या सरावांत बाराही स्वच्छ झाली की दोन किलोची पिशवी छातीशी द्यायची आणि आवर्तनं परत आठवर आणायची. पुन्हा बारा जमली की अर्धा किलो वाढवायचा. गुडघे आत वळायला लागले तर त्या दिवशी वजन कमी. पहिल्या काही आठवड्यांत तिची ताकद वाढेल, पण दंड फुगलेले दिसणार नाहीत. या टप्प्यात मेंदू आणि मज्जातंतू स्नायूंकडून नीट काम करून घ्यायला शिकत असतात. हे पालकांनाही आधीच सांगायचं ठरवलं.

श्वास कोंडणं ही आणखी एक नेहमीची चूक. त्यावर सोपा उपाय म्हणजे मुलांनी आवर्तनं मोठ्यानं मोजायची. मोजताना श्वास कोंडताच येत नाही. दुखण्याचेही दोन प्रकार अर्जात वेगळे केले. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येणं आणि दोन-तीन दिवसांत ओसरणं साहजिक आहे. पण मुलानं सांध्यावर किंवा गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर बोट ठेवून 'इथेच दुखतं' म्हटलं, तर बैठका आणि उड्या थांबवून डॉक्टरांकडे पाठवायचं. हृदयाचा आजार, उच्च रक्तदाब किंवा फिट येण्याचा त्रास असलेल्यांना डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय प्रवेश नाही. पालकांचं संमतिपत्र सगळ्यांना सक्तीचं. आणि मी रजेवर असेन त्या दिवशी कपाटाला कुलूप.

सरांनी अर्ज दोनदा वाचला. कुलपाचं कलम लाल पेनानं अधोरेखित केलं, किल्ली कार्यालयात राहील असं बाजूला लिहिलं आणि एका सत्रापुरती परवानगी दिली. खेळसाहित्याच्या खोलीलगतच्या व्हरांड्यात आता आमचा कोपरा आहे आणि पहिल्या गटात मुली निम्म्या आहेत.

असा अर्ज लिहू पाहणाऱ्या शिक्षकांना एवढंच सांगेन : कुणाला घ्यायचं, वजन कधी वाढवायचं, कधी थांबायचं आणि कुलूप कोण लावणार, या चार प्रश्नांची उत्तरं आधी लिहा. ती पक्की झाल्याशिवाय साहित्याची यादी करू नका.